बॉयलरचा काटा पुन्हा पुन्हा का घसरतो?

ऑक्टोबर सरत आला की ब्रिटनमध्ये घरोघरी हीटिंग सुरू होतं आणि पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची बॉयलरशी पहिल्यांदा गाठ पडते. आपल्या गीझरपेक्षा हे यंत्र वेगळं आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेला गॅसचा बॉयलर आंघोळीचं पाणी तापवतो आणि घरातल्या सगळ्या रेडिएटरमधूनही गरम पाणी फिरवतो. रेडिएटरचं पाणी मात्र नळाच्या पाण्यापासून अलग, बंद नळ्यांमध्ये कोंडलेलं असतं. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं. हवा काढण्यासाठी रेडिएटरची किल्ली फिरवली, तर त्यानंतर दाब थोडा उतरतो आणि त्यात काही वावगं नाही. पण कुणी हात लावला नसताना दर आठवड्याला दाब पडत असेल, तर ते पाणी कुठून तरी बाहेर जातंय असं समजावं.

बॉयलरच्या खाली किंवा पुढच्या बाजूला एक छोटं गेज असतं, नव्या बॉयलरमध्ये पडद्यावर आकडा दिसतो. सगळं थंड असताना तो १ ते १.५ बार असावा. दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरला की बरेच बॉयलर स्वतःहून बंद पडतात, कारण पाणी कमी असताना आग पेटवणं धोक्याचं असतं. घर गार पडतं आणि मग पाणी भरण्याची वेळ येते.

हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे आणि भाडेकरूही ते करू शकतो. आधी बॉयलर बंद करून पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या बॉयलरमध्ये एकदम थंड पाणी सोडलं तर आतल्या धातूला तडा जाऊ शकतो, शिवाय गरम असताना गेजचा आकडाही फसवा असतो. मग फिलिंग लूप शोधा. ही बहुधा स्टीलच्या विणीची एक लवचिक नळी असते, तिच्या दोन्ही टोकांना एकेक चावी असते आणि ती बॉयलरच्या खाली किंवा जवळच्या कपाटात सापडते. काही बॉयलरमध्ये नळीऐवजी कंपनीची छोटी दांडी किंवा खटका असतो. तसं असेल तर त्या मॉडेलची पुस्तिका पाहूनच पुढे जा. नळी काढून ठेवलेली असेल तर दोन्ही टोकं नीट बसवा. एक चावी पूर्ण उघडा आणि दुसरी अगदी हळू, नजर गेजवर ठेवून. पाणी शिरल्याचा सूं असा आवाज येईल. काटा १.२ च्या पुढे सरकला की दोन्ही चाव्या घट्ट बंद करा. मग खाली भांडं धरून नळी सोडवा आणि टोकांवर टोपणं लावा. नळी तशीच लावून ठेवू नये असा तिथला नियम आहे, आणि तो रास्त आहे. रेडिएटरमधलं काळं, रसायन मिसळलेलं पाणी चुकूनही पिण्याच्या पाण्यात उलटं शिरता कामा नये. भरताना काटा दोनच्या वर गेलाच, तर एखाद्या रेडिएटरच्या किल्लीतून थोडं पाणी भांड्यात काढून तो खाली आणा. शेवटी बॉयलर सुरू करा आणि लागलं तर रीसेटचं बटण दाबा.

वर्षातून एखाददा असं भरावं लागलं तर काळजीचं कारण नाही. दर आठवड्याला भरावं लागत असेल, तर मात्र भरत राहणं हा उपाय नव्हे. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत येतो, गंज रोखणारं रसायन पातळ होतं, लोखंडी रेडिएटर आतून गंजतात आणि त्याचा काळा गाळ पंपात आणि बॉयलरच्या अरुंद मार्गांत साचतो. म्हणून पाणी कुठे जातंय ते आधी शोधायला हवं आणि त्याची किल्ली गेजजवळच असते. एकदा थंड असताना आकडा टिपा आणि तासभर हीटिंग चालल्यावर पुन्हा टिपा.

समजा, एका छोट्या घराच्या हीटिंगमध्ये ८० लिटर पाणी आहे. ते १५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापलं की साधारण पावणेदोन लिटरने फुगतं. बंद नळ्यांमध्ये त्याला जागा कुठे? त्यासाठीच बॉयलरच्या आत एक्स्पान्शन व्हेसल नावाचा डबा असतो. त्यात रबराच्या पडद्याच्या एका बाजूला हवा असते आणि दुसऱ्या बाजूला पाणी. फुगलेलं पाणी पडदा ढकलतं, हवा दबते आणि जागा होते. आठ लिटरच्या धडधाकट डब्यात थंड असतानाचा १.२ बारचा दाब गरम झाल्यावर दोनच्या आसपास जातो. एवढी चढ अपेक्षितच आहे.

पण डब्यातली हवा वर्षानुवर्षं हळूहळू निघून जाते. मग त्याच घरात सकाळी १.२ दाखवणारा काटा हीटिंग लागताच २.८, २.९ करत तीनला भिडतो. तीन बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी तांब्याच्या नळीतून घराच्या बाहेरच्या भिंतीवर पडतं. रात्री सगळं गार झालं की बाहेर गेलेलं पाणी कमी पडतं आणि सकाळी काटा अर्ध्या बारवर असतो. घरात कुठे थेंबही दिसत नाही, म्हणून माणूस चक्रावतो. बाहेरच्या त्या नळीच्या तोंडाला संध्याकाळी एक प्लास्टिकची पिशवी सैल बांधून ठेवा. सकाळी तिच्यात पाणी सापडलं तर दोष बॉयलरमध्येच आहे. इंजिनिअर बॉयलरमधलं पाणी काढून गेज शून्यावर आणतो आणि डब्यावरच्या गाडीच्या टायरसारख्या व्हॉल्व्हमधून पंपाने हवा भरतो. आत दाब शिल्लक असताना भरलेली हवा चुकीची मोजली जाते. त्या व्हॉल्व्हमधून पाणीच आलं, तर पडदा फाटलेला असतो आणि डबा बदलावा लागतो. सेफ्टी व्हॉल्व्हकडेही लक्ष हवं, कारण एकदा उघडल्यावर त्याच्या बैठकीवर कचरा अडकतो आणि तो पुढे कायम ठिबकत राहतो. नुसती हवा भरून तो तसाच सोडला, तर काटा पुन्हा घसरणार.

गरम असताना आकडा ठीक आहे आणि तरी दाब दिवसेंदिवस उतरतोय, अशा वेळी गळती नळ्यांमध्ये शोधावी. रेडिएटरच्या चाव्यांखाली कोरडा टिशू कागद फिरवा, तांब्याच्या जोडांवर हिरवट-पांढरा थर दिसतो का पाहा. फरशीखालची गळती अशी दिसत नाही. तेव्हा इंजिनिअर बॉयलरखालच्या चाव्या बंद करून रात्रभर बॉयलर रेडिएटरपासून तोडतो. सकाळी बॉयलरचा आकडा टिकलेला असेल तर गळती घराच्या नळ्यांत आहे, उतरला असेल तर बॉयलरच्या आत.

बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका. अनेक बॉयलरमध्ये तेच झाकण जळलेला वायू घरात येऊ न देण्याचं काम करतं. घर भाड्याचं असेल तर हीटिंग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने मालकावर आहे. त्याला कळवताना थंड आणि गरम अशा दोन्ही वेळच्या गेजचे फोटो तारखेसह पाठवा, म्हणजे येणाऱ्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळेल. तो माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असायला हवा. दारातच त्याचं ओळखपत्र मागा आणि उलटं करून पाहा, कारण कोणत्या प्रकारच्या उपकरणांवर काम करण्याची त्याला परवानगी आहे, हे त्याच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं.