जागा बदलल्या, आता किमतीही उलटा

सभागृहातल्या मिक्सरवर माइकच्या प्रत्येक चॅनेलजवळ बहुधा एक छोटं बटण असतं. त्याखाली ‘लो कट’ आणि ८० किंवा १०० हर्ट्झ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते दाबलं की वक्त्याचा आवाज जवळजवळ तसाच राहतो, पण माइकच्या दांड्याला हात लागल्याची धपधप आणि पंख्याच्या वाऱ्याची घरघर खाली बसते. या बटणामागे हाय-पास फिल्टर असतो. तो खालचे सूर अडवतो आणि वरचे सोडतो.

पुस्तकांत मात्र आधी भेटतो तो याचा जुळा भाऊ, म्हणजे खालचं सोडून वरचं अडवणारा लो-पास. त्याचं गणित एकदा जमलं की हाय-पाससाठी पुन्हा पहिल्यापासून बसावं लागत नाही. जिथे रेझिस्टर तिथे कपॅसिटर लावायचा आणि जिथे कपॅसिटर तिथे रेझिस्टर. शिकणाऱ्यांना एवढं पाठ असतं. पण पुढचं अर्धं सुटलं तर मंडळ चालतं आणि तरीही चुकीचं असतं.

आपण ज्या प्रकाराबद्दल बोलतोय त्याला बटरवर्थ फिल्टर म्हणतात. स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३० साली तो मांडला. जे सूर सोडायचे त्यांच्या पट्ट्यात कुठेही फुगवटा न येता आलेख जितका सपाट राहू शकेल तितका ठेवायचा, हा त्याचा हेतू. ठरवलेल्या सीमेवर, म्हणजे कटऑफवर, एक व्होल्टचे ०.७१ व्होल्ट उरतात. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत सॅलन आणि की या दोघांनी एकच प्रवर्धक वापरून असे फिल्टर बांधायची रचना दिली. आज प्रवर्धकाच्या जागी ऑप-अँपची चिप बसते, रचना तीच आहे.

लो-पासमध्ये सिग्नल दोन रेझिस्टरमधून एकापाठोपाठ जाऊन ऑप-अँपच्या धन टोकाला पोचतो. दोन रेझिस्टरच्या मधल्या जोडापासून एक कपॅसिटर थेट आउटपुटला जातो, दुसरा धन टोकापासून ग्राउंडला. ऑप-अँपचं आउटपुट त्याच्याच ऋण टोकाला जोडलेलं असतं, त्यामुळे सिग्नल वाढत नाही. दोन्ही रेझिस्टर सारखे ठेवले, तर सपाट आलेखासाठी आउटपुटकडे जाणारा कपॅसिटर ग्राउंडवाल्याच्या बरोबर दुप्पट लागतो. उदाहरणार्थ, रेझिस्टर १० किलोओहमचे आणि कपॅसिटर २२० व ११० नॅनोफॅरडचे घेतले, की कटऑफ सुमारे १०२ हर्ट्झवर येतो.

आता अदलाबदल करू. कपॅसिटरचा विरोध वारंवारता वाढली की कमी होतो, रेझिस्टरचा तसाच राहतो. मंडळाला या दोन विरोधांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेवढं कळतं. म्हणून नवा भाग असा निवडायचा की कटऑफवर त्याचा विरोध जुन्या भागाइतकाच भरावा. तसं केलं की कटऑफच्या निम्म्यावर लो-पास जे करत होता, ते हाय-पास दुपटीवर करतो. सगळा आलेख कटऑफभोवती आरशातल्यासारखा उलटतो आणि सपाटपणा टिकतो. सूत्र एकच आहे:

C = 1 / (2π f R)

१० किलोओहमच्या जागी यातून १५६ नॅनोफॅरड येतात. हेच सूत्र फिरवून वापरलं की २२० नॅनोफॅरडच्या जागी ७.०७ किलोओहम येतात आणि ११० नॅनोफॅरडच्या जागी १४.१४ किलोओहम. अशा किमतींचे भाग दुकानात मिळत नाहीत. पण सगळे विरोध एकाच पटीने वाढवले तर फिल्टरच्या वागण्यात फरक पडत नाही. १.५५६ ने गुणलं की रेझिस्टर ११ आणि २२ किलोओहमचे होतात. कपॅसिटर त्याच पटीने लहान होऊन १०० नॅनोफॅरडवर येतात. हे चारही भाग कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात.

इथे नीट बघा. आउटपुटकडे जाणारा कपॅसिटर मोठा होता, त्याच्या जागी आलेला रेझिस्टर लहान आहे. दुपटीचं नातं उलटलं. जागा बदलताना ‘मोठा होता तिथे मोठाच’ असं धरून २२ किलोओहम आउटपुटकडे लावला, तर कटऑफचं सूत्र तेच १०२ हर्ट्झ सांगत राहतं, कारण त्यात दोन्हींचा गुणाकार असतो आणि तो बदललेला नाही. बिघडतो तो आलेखाचा आकार. मंडळ खालचे सूर अडवतं, म्हणून ऐकताना बरोबरच वाटतं, पण पुरुषी आवाजाचा भरदारपणा कुठेतरी पातळ झालेला असतो.

ही चूक मोजल्यावर लगेच सापडते. सिग्नल जनरेटरवरून एक व्होल्ट द्यायचा आणि आउटपुट ऑसिलोस्कोपवर बघायचं. बरोबर जोडलेल्या मंडळात ५० हर्ट्झला ०.२३, १०२ ला ०.७१, २०० ला ०.९७ व्होल्ट दिसतात आणि हजारावर पूर्ण एक. उलटे रेझिस्टर लागले असतील तर १०२ वर फक्त ०.३५ मिळतात आणि २०० वर ०.६२. हजारावर दोघांत जेमतेम तीन टक्क्यांचा फरक राहतो. म्हणजे वरच्या एखाद्याच सुरावर तपासणारा फसणार. मोजणी कटऑफच्या आसपासच दाट हवी.

याच आकड्यांत फिल्टरची मर्यादाही दिसते. विजेच्या गुणगुणीतला ५० हर्ट्झचा भाग चौथाईच्या आत येतो, पण तिच्यातला १०० हर्ट्झचा भाग जवळजवळ ०.७ पट शिल्लक राहतो. गुणगुण घालवायची तर केबल आणि अर्थिंग तपासावं लागतं. हा फिल्टर धपधपीसाठी आहे.

आणखी एक सावधगिरी. काही रचनांत ऑप-अँपकडून सिग्नल वाढवून घेण्यासाठी ऋण टोकाला दोन वेगळे रेझिस्टर असतात. त्यांना हात लावायचा नाही. ते वारंवारता ठरवत नाहीत, पट ठरवतात.

या अदलाबदलीत मला सर्वांत आवडते ती वेगळीच गोष्ट. लो-पासमध्ये आलेखाचा आकार दोन कपॅसिटरच्या प्रमाणावर अवलंबून असतो, आणि साधे कपॅसिटर पाच-दहा टक्के इकडेतिकडे असतात. हाय-पासमध्ये ते ओझं रेझिस्टरवर जातं, आणि एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर स्वस्तात मिळतात. दोन कपॅसिटर एकमेकांपासून थोडे वेगळे निघाले तरी आकार फारसा हलत नाही.

हे एका झटक्यात पडताळता येतं. ऑसिलोस्कोप एक्स-वाय पद्धतीवर ठेवून एका बाजूला इनपुट आणि दुसऱ्या बाजूला आउटपुट द्यायचं. पडद्यावर लंबवर्तुळ दिसेल. ते कटऑफच्या खाली डावीकडे झुकतं, वर उजवीकडे, आणि नेमक्या कटऑफवर सरळ उभं राहतं. ती वारंवारता टिपायची आणि तिथेच आउटपुट मोजायचं. वारंवारता सरकली असेल तर दोष भागांच्या मूळ किमतींचा, आउटपुट ०.७१ नसेल तर प्रमाणाचा. लंबवर्तुळ १०२ ऐवजी ९७ वर उभं राहिलं आणि आउटपुट ०.७१ च भरलं, तर दोन्ही कपॅसिटर पाचेक टक्के मोठे आहेत एवढंच. माइकच्या कामाला ते तसेच ठेवायला हरकत नाही.