दहा हजारांची गोष्ट
रौप्यमहोत्सवी भाषणात संस्थापक नुसतं ‘खूप हाल काढले’ म्हणाला, की सभागृहाचं लक्ष जेवणाकडे जातं. तपशील आला तर मात्र कान टवकारतात. इन्फोसिसचंच घ्या. १९८१मध्ये सात जणांनी पुण्यात सुरुवात केली. भांडवल होतं सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये. साध्या टेलिफोनसाठी वर्षभर ताटकळावं लागलं. १९९०मध्ये कंपनी विकायचा विषय निघाला, तेव्हा नारायण मूर्तींनी सहकाऱ्यांचे हिस्से स्वतःच घेण्याची तयारी दाखवली, आणि विक्री बारगळली. २००६मध्ये पंचविशी गाठलेल्या या कंपनीने कर्मचाऱ्यांचे आभार फक्त शब्दांत मानले नव्हते, त्यांना शेअरही दिले होते. छोट्या कारखानदाराला ते जमणार नाही. त्याने निदान जुन्या शिपायाचं नाव, रुजू झाल्याचं साल आणि त्याने निभावलेला एखादा कठीण प्रसंग माइकवरून सांगावा.