लेव्हल वाढली, पण ताकद?

‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ हा गेम २००६ साली आला. बेथेस्डाच्या या गेममधलं जग प्रचंड मोठं आहे, आणि पहिल्या तळघरातून बाहेर पडल्यावर खेळाडू हवा तिकडे जाऊ शकतो. हे स्वातंत्र्य टिकवण्यासाठी निर्मात्यांनी शत्रूंची ताकद खेळाडूच्या लेव्हलला बांधून टाकली. तुम्ही पहिल्या लेव्हलला असाल, तर वाटमारे कातडी चिलखत घालून येतात. तुम्ही विशी ओलांडलीत, की तेच वाटमारे काचेच्या मौल्यवान चिलखतात उभे असतात आणि तरीही वाटसरूंकडे थोड्याशा नाण्यांसाठी हात पसरतात. हे खटकतंच. पण खरी अडचण त्याहून खोल आहे. शत्रू तुमची लेव्हल पाहतो, तुमची ताकद पाहत नाही, आणि या गेममध्ये या दोन गोष्टी सहज वेगळ्या होऊ शकतात.

लेव्हल वाढते कशी, ते पाहू. बऱ्याच आरपीजींमध्ये शत्रू मारला किंवा क्वेस्ट पूर्ण केली की एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण मिळतात. ठरावीक गुण जमले की लेव्हल वाढते. ऑब्लिव्हियनमध्ये मात्र जे कराल ते स्किल वाढतं. तलवार चालवली तर तलवारीचं, उड्या मारल्या तर उड्यांचं. एकूण २१ स्किलपैकी ७ तुम्ही सुरुवातीला ‘मेजर’ म्हणून निवडता. मेजर स्किलमध्ये मिळून १० वाढी झाल्या आणि तुम्ही पलंगावर झोपलात, की पुढची लेव्हल मिळते. त्या वेळी शक्ती, सहनशक्ती, वेग अशा आठ गुणधर्मांपैकी तीन वाढवता येतात. कोणता किती वाढेल, हे त्याच्याशी जोडलेली स्किलं त्या लेव्हलमध्ये किती वाढली यावर ठरतं. दहा वाढी असतील तर गुणधर्म ५ने वाढतो, एकही नसेल तर फक्त १ने.

आता एक खेळाडू घ्या. धावणं, उडी मारणं आणि व्यापार ही स्किलं त्याने मेजरमध्ये घेतली आहेत. गावोगाव धावण्यात त्याच्या ५ वाढी झाल्या, उड्यांमध्ये ३, बाजारातल्या घासाघिशीत २. झाल्या दहा. लेव्हल मिळाली, वेग ४ने वाढला, पण सहनशक्ती घेतली तर ती फक्त १ने वाढेल. प्रत्येक लेव्हलला सहनशक्तीच्या दहाव्या भागाइतकी प्राणशक्ती कायमची मिळते, आणि सहनशक्ती उशिरा वाढवली तर मागच्या लेव्हलांचा हा लाभ भरून मिळत नाही. तलवार तर जिथल्या तिथेच राहिली. शत्रू मात्र एक पायरी वर गेला. असं दहा-पंधरा वेळा झालं, की गॉब्लिनांचा सरदार कितीही वार केले तरी पडत नाही. एकेका साध्या शत्रूला लागणारे वार दर लेव्हलला वाढू लागले, तर आपण या सापळ्यात अडकलो आहोत हे ओळखावं.

म्हणूनच जाणकार उलटी युक्ती करत. कमी वापरायची स्किलं मेजरमध्ये ठेवायची, म्हणजे लेव्हल आपल्या हातात राहते. काहींनी तर अगदी खालच्या लेव्हलवरच गेम संपवला, कारण तिथे शत्रू सर्वांत दुबळे. वाढण्याचं बक्षीस देणाऱ्या खेळात न वाढणं फायद्याचं ठरावं, हा माझ्या मते रचनेतला सरळ दोषच आहे.

२०११च्या ‘स्कायरिम’मध्ये बेथेस्डाने दोन्ही बाजू बदलल्या. तिथे मेजर-मायनर हा भेद नाही. कोणतंही स्किल वाढलं की त्याच्या नव्या आकड्याइतका एक्सपी मिळतो. स्किल १५वरून १६ झालं तर १६ गुण. पहिल्यावरून दुसऱ्या लेव्हलला जायला १०० गुण लागतात आणि पुढे दर लेव्हलला २५ जास्त. शत्रूंच्या बाजूने बऱ्याच ठिकाणांना किमान किंवा कमाल मर्यादा घातली आणि पहिल्यांदा पाऊल टाकाल तेव्हाची लेव्हल तिथे पक्की केली. काही शत्रू तर बदलतच नाहीत. राक्षसी ‘जायंट’ कायम ३२व्या लेव्हलचा असतो. नवखा खेळाडू त्याच्या एका फटक्यात आकाशात उडतो, आणि पुढे तोच जायंट आडवा पडतो, तेव्हा आपण खरोखर वाढलो हे कळतं.

जुना धोका मात्र पुरता गेलेला नाही. केवळ संभाषणाचं स्किल १५वरून ५०पर्यंत नेलं तर बेरीज होते १,१५५ गुण. एवढ्यात तुम्ही पहिल्यावरून सातव्या लेव्हलला पोचता, तलवारीला हातही न लावता. तेव्हा स्कायरिम नव्याने सुरू करत असाल, तर पहिल्या काही लेव्हलांत एक शस्त्र आणि एका प्रकारचं चिलखत धरून तेच वाढवा. व्यापार आणि गप्पा नंतर.