घडी मोडल्यानंतर

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात साडी घेत होते, तेव्हा शेजारच्या गादीवर एक जुना विक्रेता साडी नाकाशी धरून डोळे मिटून बसलेला दिसला. साडी परत करायला आलेल्या बाई समोर ताटकळत उभ्या होत्या. ते दृश्य काही डोक्यातून जाईना. म्हणून लग्नसराईनंतर, परत येणाऱ्या साड्यांच्या दिवसांत, मालकांची परवानगी घेऊन मी पुन्हा तिथे जाऊन बसले.

विक्रेत्याला सगळे दत्ताकाका म्हणतात. साडी आली की ते आधी बिल बघतात, मग खांद्यावर येणारा पदराचा भाग उजेडात धरतात. सेफ्टी पिनेचं भोक घट्ट विणीच्या रेशमात सहसा बुजत नाही. मग फॉलची कड बघतात, कारण जमिनीची धूळ तिथे बसते. शेवटी काखेजवळ येणाऱ्या भागावर इस्त्रीची वाफ देऊन वास घेतात. रेशीम घाम आणि अत्तर धरून ठेवतं, आणि वाफेने ते वर येतं. त्या दिवशीच्या साडीला मोगऱ्याच्या अत्तराचा वास होता, खांद्यावर दोन भोकं होती आणि लेबल नव्या दोऱ्याने टाचलेलं होतं. काका एवढंच म्हणाले, “ताई, ही नेसून झालीय.” मालकांनी नकार दिला. मला तो योग्यच वाटला. एका कार्यापुरती साडी वापरून पैसे परत मागणं म्हणजे दुकानदाराच्या खर्चाने मिरवणं.

“घडी मोडली की साडी निम्मी,” असं मालक सांगतात. फॉल-पिको झालेली, नेसलेली साडी नवी म्हणून विकता येत नाही, आणि घाऊक व्यापारीही ती परत घेत नाही.

पण सगळ्या तक्रारी इतक्या सरळ नसतात. एक तरुण मुलगी क्रीम रंगाची, राणी काठांची रेशमी साडी घेऊन आली. किंमत ७,२०० रुपये. साखरपुड्याला एकदाच नेसली होती. नंतर घरी गार पाण्यात धुतली, तर काठाचा रंग अंगावर उतरला आणि निऱ्यांच्या जागी गुलाबी ओघळ आले. ‘फक्त ड्राय क्लीन’ असं बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. मालकांनी तिथेच बोट ठेवलं. “पाण्यात घातली तुम्ही. शिवाय घडी मोडली की निम्मी.”

काका काही बोलले नाहीत. उठले, फळीवरून त्याच गठ्ठ्यातली न विकलेली साडी काढली, पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला केला आणि काठाच्या आतल्या टोकावर थोडा वेळ दाबून धरला. कापड गुलाबी झालं. रंगवल्यानंतर जास्तीचा रंग नीट धुऊन काढला नाही, की गडद काठ असा सुटतो. अशा साडीचा रंग उतरायला धुणं लागत नाही, घामही पुरतो. मालक त्या कापडाकडे बघत राहिले. पगारदार माणसाने मालकासमोर, गिऱ्हाईक बसलेलं असताना हे करावं, याचं मोल मला फार वाटलं.

मग हिशेब सुरू झाला. साडीची खरेदी ५,१०० रुपये, म्हणजे नफा २,१००. धुतलेली साडी व्यापारी घेणार नाही, पण गठ्ठ्यातल्या कोऱ्या साड्या रंगाच्या तक्रारीवर परत जाऊ शकतात. मालकांची रीत अशी, की दोष गिऱ्हाइकाचा असेल तर नकार, दोन्हीकडचा असेल तर नफा सोडायचा, मुद्दल नाही. त्यांनी २,१०० देऊ केले, साडी तिच्याकडेच ठेवून. मुलगी गप्प राहिली. काका हळूच म्हणाले, “धुवायची नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं.” मालक क्षणभर थांबले आणि निम्मे, म्हणजे ३,६०० दिले. एरवी गिऱ्हाइकाला अडवणारा ‘निम्मी’चा हिशेब त्या दिवशी तिच्या बाजूने लागला. उरलेल्या साड्या त्यांनी फळीवरून उतरवायला सांगितल्या.

माझ्या मते तिला याहून जास्त मिळायला हवं होतं. धुण्याची चूक तिची होती, पण कच्चा रंग साडीत आधीपासूनच होता, आणि बारीक अक्षरातली सूचना म्हणजे सांगणं नव्हे. एखाद्याने सद्भाव म्हणून दिलेल्या पैशांबद्दल आभार मानावेत, पण सदोष मालाची भरपाई म्हणजे सद्भाव नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याने दोष झाकला जात नाही. मन बदललं म्हणून साडी परत करण्याचा हक्क मात्र हा कायदा देत नाही.

म्हणून गडद काठाची साडी घेतलीत, तर फॉल लावायला टाकण्याआधी आतल्या टोकाला ओलं पांढरं कापड लावून बघा. रंग सुटला, तर घडी न मोडता बिलासकट त्याच आठवड्यात दुकानात जा. तिथे दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.