लोहाऱ्याच्या पडद्यावरची अक्षरे का बिघडली?



गेल्या हंगामात यवतमाळजवळच्या लोहारा येथे गटसभा होती. गाववार ऊस, टनामागची कपात आणि हाती पडणारी रक्कम पडद्यावर दाखवायची, असे ठरले होते. आम्ही स्लाइडा कचेरीतल्या संगणकावर केल्या, पेनड्राइव्हवर घेतल्या आणि सभेच्या ठिकाणच्या संगणकावर उघडल्या. पहिल्याच पानावर 'कारखाना' या शब्दाच्या जागी उमटले:

```
dkj[kkuk
```

मागून एक म्हातारबा म्हणाले, "हिशेब इंग्रजीत केला काय रे बाबू?" लोक हसले. पण ज्या कपातीला सभेची संमती घ्यायची, तीच कोणाला वाचता येईना. शेवटी आम्ही कागदावरून आकडे वाचून दाखवले. चूक आमचीच होती, आणि ती कशी झाली हे सांगणे आमचे काम आहे.

कचेरीत आम्ही कृतिदेव हा जुना फॉन्ट वापरत होतो. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतेच. तिथे असतो इंग्रजी d, आणि फॉन्ट त्यावर 'क'चे चित्र चढवतो. फाईल दुसरीकडे गेली की मजकूर सोबत जातो, फॉन्ट घरीच राहतो. सोंग उतरले की आतला d दिसणारच.

युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. म्हणून आम्ही स्लाइडा युनिकोडमध्ये आणायचे ठरवले. इथे एक ध्यानात ठेवा. नुसते फॉन्टचे नाव बदलून भागत नाही, तसे केल्यास dkj[kkuk तसेच राहते. त्या त्या जुन्या फॉन्टसाठी केलेल्या परिवर्तकातून मजकूर काढावा लागतो. नंतर एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहावे. आकडे तर दोनदा.

एवढे करून पुढच्या सभेला गेलो. अक्षरे नीट दिसली, पण तक्त्याच्या खालच्या दोन ओळी पडद्याबाहेर गेल्या, आणि कपातीची ओळ नेमकी त्यांत होती! आम्ही Mangal फॉन्ट घेतला होता. विंडोज १० पासून तो प्रत्येक संगणकावर आपोआप नसतो, भारतीय भाषा जोडल्यावर येतो. तो नसला की संगणक Nirmala UI सारखा दुसरा फॉन्ट लावतो. त्याची रुंदी आणि ओळींची उंची वेगळी असते. त्यामुळे शब्द खालच्या ओळीत उतरतात, तक्ता वाढतो आणि तळ कापला जातो. हा बिघाड जास्त घातक, कारण सगळे ठीक दिसते आणि काही गेल्याचे कळत नाही.

आता आम्ही असे करतो. विंडोज ८ पासून सोबत येणारा Nirmala UI वापरतो आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा मोकळी ठेवतो. दुसरा फॉन्ट हवाच असेल, तर पॉवरपॉइंटमध्ये File, Options, Save या वाटेने जाऊन Embed fonts in the file वर खूण करतो. मात्र फॉन्टच्या परवान्यात मनाई असेल, तर तो फाईलमध्ये बसत नाही. म्हणून त्याच स्लाइडांची पीडीएफही सोबत नेतो. तिच्यात अक्षरांचे आकार आणि जागा पक्क्या राहतात. तिच्यात ऐनवेळी आकडा दुरुस्त करणे मात्र अवघड, म्हणून मूळ फाईलही जवळ हवीच.

निघण्यापूर्वी, आणि सभेच्या ठिकाणी अर्धा तास आधी, आम्ही एक ओळ उघडून पाहतो:

'लोहाऱ्याच्या शेतकऱ्यांचे क्षेत्र, ट्रॅक्टर, ॲडव्हान्स, स्थिती.'

इंग्रजी अक्षरे दिसली तर मजकूर जुन्या फॉन्टचा आहे. चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टात तो बहुधा नसतो. 'स्थिती'ची पहिली वेलांटी अक्षरानंतर पडली किंवा 'क्षेत्र'चा पाय उघडा मोडका दिसला, तर ते सॉफ्टवेअर जोडाक्षरे जुळवत नाही. तिथे पीडीएफच दाखवावी. आणि 'लोहार्याच्या' असा रफार आला, तर दोष टंकलेखनाचा. इनस्क्रिप्ट कळफलकावर Shift धरून j दाबले की 'ऱ' येतो, त्यापुढे हलन्त आणि 'य' द्यावा.

ओळ बरोबर निघाली तरी तक्त्याचे शेवटचे पान उघडून खालची ओळ दिसते का, ते पाहावेच. पुढल्या गटसभेत ती दिसली नाही, तर सभासदांनी तिथेच उठून विचारावे.