टीव्हीचा मेनू थाई झाला, तर परतायचं कसं?

"अरे, टीव्हीवर सगळ्या जिलेब्या आल्यात. नातवाने काहीतरी दाबलं वाटतं." सोसायटीतल्या एका काकूंनी हाक मारली, तेव्हा घरगुती उपाय सगळे करून झाले होते. टीव्ही बंद करून पुन्हा चालू केला होता, प्लग काढून थोडा वेळ ठेवला होता, रिमोटचे सेलही बदलले होते. चित्र आणि आवाज ठणठणीत होते. फक्त मेनूतलं एक अक्षर वाचता येईल तर शपथ. अक्षरांच्या टोकांना बारीक गोल आणि डोक्यावर छोट्या खुणा, म्हणजे लिपी थाई होती.

प्लग काढून उपयोग होत नाही, कारण इथे बिघाड काही झालेलाच नसतो. मेनूची भाषा ही टीव्हीच्या कायमच्या मेमरीत जपलेली एक निवड असते. आवाज किंवा चित्राचा उजेड आपण ठरवून ठेवतो, तशीच हीसुद्धा. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. कोणीतरी ती पुन्हा बदलली, तरच ती बदलते.

मूल तिथवर पोचतं कसं? बऱ्याच रिमोटवर सेटिंगचं बटण वेगळंच दिलेलं असतं, त्यावर दातेरी चक्राचं चित्र असतं. ते एकदा दाबलं गेलं की पुढचं काम मधलं गोल बटण आणि खालचा बाण करतात, आणि मुलांना नेमकी हीच दोन बटणं दाबायला आवडतात. अँड्रॉइड टीव्हीवर भाषांच्या यादीत एखाद्या नावावर मधलं बटण दाबलं की बहुधा "नक्की का?" असं न विचारता त्याच क्षणी सगळा मेनू बदलतो. त्यात त्या यादीत सहसा आधी रोमन लिपीतल्या भाषा येतात, मग रशियन, अरबी, मग आपल्याकडच्या आणि पार तळाशी थाई, कोरियन, जपानी, चिनी. खालचा बाण दाबून धरणाऱ्या मुलाच्या हाती यादीचा तळच लागण्याची शक्यता जास्त.

परतीचा रस्ता वाचून सापडत नाही, पण खुणांवरून सापडतो. भाषा बदलली तरी मेनूतल्या चित्रखुणा बदलत नाहीत आणि ओळींचा क्रमही बदलत नाही. शिवाय काही गोष्टी कुठल्याही भाषेत रोमन अक्षरांतच राहतात. घरच्या वायफायचं नाव, ईमेलमधलं @, YouTube, HDMI, टीव्हीचा मॉडेल नंबर ही त्यातली काही. एवढ्या आधारावर चालता येतं. काकूंचा टीव्ही अँड्रॉइडवर चालणारा होता, म्हणून त्याचीच वाट सविस्तर सांगतो.

आधी रिमोटवरचं घराचं चित्र असलेलं बटण दाबून मुख्य पडद्यावर यायचं. वरचा बाण दाबत सगळ्यात वरच्या ओळीत जायचं आणि उजवीकडे सरकत दातेरी चक्रावर थांबायचं. मधलं बटण दाबलं की उजव्या कडेने एक पट्टी आत सरकते. तिच्यात पाच-सात ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला एक चित्र असतं. आपल्याला हवी आहे ती टीव्हीच्या स्वतःच्या व्यवस्थेची ओळ. इंग्रजी मेनूत तिचं नाव जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर Device Preferences आणि नव्या गुगल टीव्हीवर System असं असतं. ती पट्टीच्या मधल्या भागात, अ‍ॅप्सच्या ओळीच्या खाली सापडते.

इथे चुकलं तर लगेच कळतं. आत गेल्यावर शेजाऱ्यांच्या वायफायची नावं दिसली, तर आपण नेटवर्कमध्ये शिरलोय. ईमेल पत्ता दिसला, तर खात्यांमध्ये. अ‍ॅप्सची रंगीत चित्रं ओळीने दिसली, तर अ‍ॅप्समध्ये. मागे जाण्याचं बटण दाबायचं आणि पुढची ओळ बघायची. नुसतं आत डोकावून मागे फिरल्याने काही बिघडत नाही. मात्र जिथे दोनच बटणांचा सुटा पडदा समोर येतो, म्हणजे टीव्ही काहीतरी 'हो की नाही' विचारतोय, तिथे मधलं बटण दाबायचं नाही, मागेच फिरायचं.

बरोबर ओळीत शिरलो की सहसा पहिली ओळ टीव्हीच्या माहितीची असते. ती उघडली की मॉडेल नंबर आणि अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आकडा दिसतो. हीच आपली पहिली पक्की खूण. मागे येऊन दुसरी ओळ उघडली की तारीख आणि वेळ दिसते, आकडे घड्याळाशी ताडून बघता येतात. ही दुसरी खूण. भाषेची ओळ साधारणपणे या घड्याळाच्या ओळीखालीच असते. काही कंपन्या मध्ये टायमरसारखी एखादी ओळ घालतात, म्हणून एक-दोन ओळी पुढेमागे धरायच्या.

भाषेची ओळ ओळखायला अक्षरांचा आकारही ताडून बघता येतो. 'भाषा' हा शब्द थाईत ภาษา, कोरियनमध्ये 언어, चिनीत 语言, अरबीत اللغة आणि रशियनमध्ये Язык असा दिसतो. वाचता आला नाही तरी चित्र म्हणून जुळवता येतो. फक्त याच अक्षरांना मागे-पुढे आणखी शब्द जोडलेले दिसले, तर ती ओळ आवाजाच्या किंवा सबटायटलच्या भाषेची असू शकते. तिथे बदल करून मेनू सुधारत नाही.

ती ओळ उघडली की लांब यादी दिसते आणि जीव भांड्यात पडतो. कारण इथे प्रत्येक भाषेचं नाव त्या भाषेच्याच लिपीत लिहिलेलं असतं. मेनू थाई असला तरी इंग्रजी ही English अशीच दिसते, मराठी असेल तर ती 'मराठी' अशीच. सध्या निवडलेल्या नावापुढे भरीव ठिपका किंवा बरोबरची खूण असते. वर सरकत रोमन लिपीच्या भागात जायचं. Deutsch आणि Español यांच्या दरम्यान English सापडतं, बऱ्याचदा India किंवा United States अशा देशांच्या नावांसह. मधलं बटण दाबलं की मेनू परत वाचता येतो. काकूंकडे शोधाशोधीला जेवढा वेळ गेला, त्याच्या पासंगालाही हा शेवटचा भाग पुरला नाही.

थाईपेक्षा चकवणारा प्रकार म्हणजे अरबी किंवा उर्दू. या लिपी उजवीकडून डावीकडे जातात, त्यामुळे नुसती अक्षरंच बदलत नाहीत, तर अख्खा पडदा आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो. दातेरी चक्र वरच्या डाव्या कोपऱ्यात जातं, पट्टी डाव्या कडेने आत येते. नेहमी उजव्या बाणाने पुढे जाणारा माणूस इथे मागे जातो आणि रिमोट बिघडला असं समजतो. वर-खाली मात्र सगळं जागच्या जागी असतं. माहिती, घड्याळ, भाषा हा क्रम तसाच मोजायचा, फक्त डावं-उजवं उलट धरायचं.

इतर बनावटींच्या टीव्हींवर वाट थोडी वेगळी, पण तत्त्व हेच. सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींवर सेटिंगमध्ये General, त्यात System Manager, त्यात भाषा. एलजीवर सगळ्या सेटिंग्ज उघडून General आणि मग भाषा. फायर टीव्ही स्टिकवर Preferences आणि त्यात भाषा. तुमच्यासारखाच टीव्ही शेजारी किंवा नात्यात कोणाकडे असेल, तर सोपी युक्ती आहे. त्यांनी आपल्या टीव्हीवर ती वाट चालत प्रत्येक पायरीला खालचा बाण किती वेळा दाबला ते फोनवर सांगायचं, तुम्ही तेवढाच दाबायचा.

डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्सची गोष्ट निराळी. यातल्या अनेकांच्या मेनूत रशियन, फारसी, अरबी अशा भाषा भरलेल्या असतात. इथे लांब यादी उघडत नाही. एकाच पानावर तीन-चार ओळी असतात, पहिली बहुधा मेनूच्या भाषेची, खालच्या आवाजाच्या आणि सबटायटलच्या. पहिल्या ओळीवर उभं राहून डावा-उजवा बाण दाबला की भाषा एकेक करून फिरते. English येईपर्यंत बाण दाबत राहायचं.

हे सगळं करून वाट सापडलीच नाही, तर फॅक्टरी रीसेट उरतो. दुकानदार किंवा मेकॅनिक तोच आधी सुचवतात, कारण त्यांचं काम झटपट होतं आणि त्यानंतरच्या पहिल्याच पडद्यावर टीव्ही भाषा विचारतो. पण त्यात अ‍ॅप्स, खाती, वायफायचा पासवर्ड, चॅनेलची यादी सगळं पुसलं जातं. ज्या घरात खातं मुलाच्या नावाने आणि मुलगा पुण्यात नाहीतर परदेशात, तिथे पासवर्ड मिळेपर्यंत टीव्ही मुका. फ्री डिशच्या बॉक्सवर रीसेट केला तर चॅनेल पुन्हा शोधावे लागतात. तेही बॉक्सच करतो. छतावरची डिश जीसॅट-15 उपग्रहाकडे, 93.5 अंश पूर्वेला लावलेली असते आणि रीसेटने ती हलत नाही. त्यामुळे डिश नव्याने लावायचे पैसे कोणी मागितले तर द्यायचं कारण नाही.

मेनू इंग्रजीत आल्यावरही एखादं अ‍ॅप किंवा टंकलेखनाचा कीबोर्ड थाईतच राहिलेला दिसला, तर घाबरू नका. नेटफ्लिक्ससारखी काही अ‍ॅप्स स्वतःची भाषा प्रोफाइलमध्ये वेगळी ठेवतात. कीबोर्डवर पृथ्वीच्या गोळ्याचं बटण असतं, ते दाबून लिपी बदलता येते. पासवर्ड टाकण्यापूर्वी तेवढं बघून घ्यावं.

टीव्हीचा मेनू वाचता येतोय तोवरच एक काम उरकून ठेवा. दातेरी चक्रापासून भाषांच्या यादीपर्यंत एकदा जा आणि वाटेतल्या प्रत्येक पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. घरात आजी-आजोबा एकटे असतील, तर किती वेळा खाली आणि कुठे मधलं बटण हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा. नातवंडं सुट्टीला यायच्या आत हे झालेलं बरं.