यकृतातली आणि स्नायूतली गुळगुळीत जालिका

पेशीच्या आत पातळ पटलांच्या नळ्या आणि पिशव्यांचे एक सलग जाळे असते. ते म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. तिच्या ज्या भागावर प्रथिने घडवणारे रायबोझोमचे कण नसतात, तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत दिसतो. हा भाग काय काम करतो, हे त्याच्या पटलात कोणती प्रथिने बसवलेली आहेत यावर ठरते.

यकृताच्या पेशींत या पटलावर सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरे असतात. स्निग्ध पदार्थांत विरघळणारी औषधे मूत्रपिंडात गाळली गेली तरी पुन्हा रक्तात शोषली जातात. ही विकरे त्यांच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू बसवतात, मग दुसरी विकरे त्या जागी ग्लुकुरॉनिक आम्लासारखा रेणू जोडतात. आता पाण्यात विरघळू लागलेले औषध लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडते.

काम वाढले की जालिकाही वाढते. फिट्स येणाऱ्या रुग्णाला फेनोबार्बिटाल सुरू केले, तर काही दिवसांतच यकृतपेशींत गुळगुळीत जालिका आणि तिच्यावरची विकरे वाढू लागतात. हाच रुग्ण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असेल, तर वाढलेली विकरे तेही भराभर संपवतात. रक्तचाचणीत परिणाम अपुरा दिसतो, म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात. खरा धोका पुढे आहे. फेनोबार्बिटाल बंद केल्यावर जालिका काही आठवड्यांत पूर्ववत होते आणि वॉरफरिनची वाढवलेली मात्रा तशीच राहिली, तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच एखादे औषध सोडल्याचेही डॉक्टरांना सांगायला हवे.

विषनिवारण हा शब्दही जपून वापरावा लागतो. याच विकरांमुळे पॅरासिटामॉलच्या थोड्या भागाचे घातक रसायन बनते. नेहमीच्या मात्रेत पेशीतले ग्लुटाथायोन ते निकामी करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते आणि यकृतपेशी मरू लागतात.

कोलेस्टेरॉल हे स्टेरॉइड घडवण्याचे बरेच टप्पेही यकृतात याच पटलावर होतात. त्यांतल्या कळीच्या विकराला स्टॅटिन गटाच्या गोळ्या अडवतात. कॉर्टिसॉल किंवा टेस्टोस्टेरॉन मात्र यकृतात बनत नाही. ती संप्रेरके अधिवृक्क ग्रंथी, वृषण आणि अंडाशय यांत तयार होतात आणि त्यासाठी जालिकेला तंतुकणिकांची साथ लागते.

स्नायूत हीच जालिका प्रत्येक आकुंचक तंतूभोवती गुंडाळलेली असते आणि कॅल्शियम साठवते. चेतातंतूचा संदेश आला की तिच्यातल्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम बाहेर येते आणि स्नायू आखडतो. मग पटलातले पंप ऊर्जा खर्च करून ते परत आत ओढतात, तेव्हा स्नायू सैल पडतो. काहींच्या या वाहिन्यांत आनुवंशिक दोष असतो. भूल देण्याच्या काही वायूंमुळे त्या उघड्याच राहतात. मग स्नायू ताठरतात, श्वासातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो आणि पाठोपाठ अंग तापते. अशा वेळी भूलतज्ज्ञ तो वायू ताबडतोब थांबवून डॅन्ट्रोलीन देतात. त्यामुळे जालिकेतून बाहेर पडणारे कॅल्शियम रोखले जाते.